वासावर जाऊ नका

पहाटे पाच वाजून दहा मिनिटांनी फोन वाजला. "ताई, रात्री लाईट गेली होती. कोल्ड रूम थोडा वेळ बंद होती. आता सगळं चालू आहे, पण माल बघून जा ना एकदा." अलिबागजवळच्या एका केटररचा फोन होता. मे महिना, वळवाच्या पावसाची रात्र, त्याच दिवशी संध्याकाळी हळद आणि दुसऱ्या दिवशी दुपारी सहाशे पानांचं लग्न. केटरिंगवाल्यांच्या स्वयंपाकघरांत अन्नसुरक्षा बघणं हेच माझं काम, त्यामुळे असे फोन मला पावसाळ्याच्या तोंडाशी हमखास येतात.

फोनवरच मी त्याला चार गोष्टी सांगितल्या. खोलीचं दार आता उघडू नका. काहीही चाखून बघू नका. काहीही फेकू नका. आणि लाईट किती वाजता गेली, किती वाजता आली, हे ज्याला माहीत असेल त्याच्याकडून आत्ताच कागदावर लिहून घ्या. शेवटची गोष्ट सगळ्यांत महत्त्वाची होती. माणसाला रात्रीची वेळ सकाळी अंदाजाने आठवते आणि तो अंदाज नेहमी आपल्या सोयीचा असतो.

मी पोहोचले तेव्हा वॉचमनकाकांनी कागद तयार ठेवला होता: गेली १०.४०, आली २.२०. म्हणजे तीन तास चाळीस मिनिटं. दादा, म्हणजे मालक, जरा सैलावले होते, कारण चार तासांचा नियम त्यांना माझ्याच प्रशिक्षणातून माहीत होता. पण कोल्ड रूमच्या बाहेरचा आकडा ९ अंश दाखवत होता. ही खोली साडेतीनला सेट केलेली. कॉम्प्रेसर २.२० पासून चालत असता, तर तीन तासांत आकडा एवढा वर राहिला नसता.

उलगडा वायरमनने केला. रात्री २.२० ला लाईट आली ती पूर्ण आली नव्हती, तीनपैकी एक फेज गायब होता. दिवे आणि पंखे एका फेजवर चालतात, त्यामुळे काकांच्या दृष्टीने लाईट आली. कोल्ड रूमचा कॉम्प्रेसर मात्र थ्री फेजवर चालतो. एक फेज नसताना तो चालला तर मोटार जळते, म्हणून पॅनेलमध्ये प्रिव्हेंटर बसवलेला असतो आणि तो मोटार सुरूच होऊ देत नाही. तिसरा फेज आला ४.५० ला. म्हणजे दिव्यांच्या हिशेबाने खोली तीन तास चाळीस मिनिटं बंद होती आणि कॉम्प्रेसरच्या हिशेबाने सहा तास दहा मिनिटं. अन्नाचा संबंध कॉम्प्रेसरशी असतो. गावाकडे, वाडीवस्तीवर, एमआयडीसीच्या कडेला ज्यांची कोल्ड रूम आहे त्यांनी एवढं एक तरी लक्षात ठेवावं: दिवा लागला म्हणून खोली सुरू झाली असं धरू नये, बाहेरच्या युनिटपाशी जाऊन कॉम्प्रेसरचा आवाज ऐकावा.

बाहेरच्या डिजिटल आकड्याचीही एक मर्यादा आहे. तो फक्त आत्ताचं सांगतो. आणखी दीड तासाने आले असते, तर त्याने ४ दाखवले असते आणि रात्री काही घडलंच नाही असं वाटलं असतं. सुदैवाने मागच्या भेटीत मी एक साधा कमाल-किमान तापमापक आत टांगायला लावला होता. रात्रभरात तापमान वर कुठपर्यंत गेलं, तो आकडा त्यात अडकून राहतो. तो १४ वर होता.

आता हे १४ अंश हवेचे. अन्न हवेइतकं लवकर तापत नाही. पन्नास लिटरचं भरलेलं पातेलं आणि दाराजवळच्या फळीवरचा कोथिंबिरीचा जुडगा, दोघांना एकाच खोलीत एकच रात्र मिळाली तरी दोघांची रात्र वेगळी असते. म्हणून निर्णय खोलीचा होत नाही, एकेका डब्याचा, एकेका क्रेटचा करावा लागतो.

नियम तसा सोपा आहे. नासणारं अन्न ५ अंशांला किंवा त्याखाली ठेवायचं. ५ ते ६० अंश हा धोक्याचा पट्टा, रोगजंतू वाढतात ते याच पट्ट्यात. ऑस्ट्रेलियातल्या स्वयंपाकघरांत या पट्ट्यातल्या वेळेसाठी एक नियम शिकवतात, मीही तोच शिकवते. खाण्यासाठी तयार असलेलं अन्न या पट्ट्यात एकूण दोन तासांपेक्षा कमी राहिलं असेल, तर परत फ्रिजमध्ये ठेवता येतं. दोन ते चार तास झाले असतील, तर लगेच वापरायचं, परत ठेवायचं नाही. चार तासांच्या वर गेलं, तर टाकायचं. यातला 'एकूण' हा शब्द लोक विसरतात. दुकानातून येताना टेम्पोत गेलेला वेळ, चिरताना ओट्यावर गेलेला वेळ आणि रात्री लाईट नसतानाचा वेळ, सगळा एकाच खात्यात जमा होतो. मध्ये थोडा वेळ गार झालं म्हणून खातं पुन्हा शून्यावर येत नाही.

आत जाण्याआधी मी तापमापकाची सुई बर्फाच्या चुऱ्यात थोडं पाणी घालून त्यात बुडवली. शून्य दाखवलं. ही एक मिनिटाची तपासणी न करता घेतलेल्या मापावर मी हजारोंचा माल टाकायला सांगत नाही आणि ठेवायलाही सांगत नाही. मग सुई स्पिरिटने पुसली आणि आत गेलो.

पहिल्याच फळीवर पनीर होतं. बावीस किलो, पाण्यात बुडवलेलं, स्टीलच्या पसरट ट्रेमध्ये. सुई मधोमध खुपसली: ११ अंश. आचारी, ज्यांना सगळे मामा म्हणतात, त्यांनी एक तुकडा उचलून नाकाशी धरला आणि माझ्यापुढे केला. "वास बघा ताई. काही नाही. मऊही पडलं नाही." खरं होतं. पांढरंशुभ्र, कडा धारदार, पाणी स्वच्छ. मामांनी तीस वर्षं हाताने आणि नाकाने अन्न ओळखलंय, त्यांच्या नाकाबद्दल मला शंका नव्हती. पण नाकाला जो वास येतो तो अन्न नासवणाऱ्या जंतूंचा असतो. ते जंतू पनीर चिकट करतात, दूध फाडतात, मटणाला घाण वास आणतात. माणसाला आजारी पाडणारे जंतू बहुतेक वेळा यातलं काहीच करत नाहीत. ते वाढतात आणि पनीर जसंच्या तसं दिसत राहतं. घाण वास आला तर माल टाकायचाच, पण वास आला नाही म्हणून ठेवायचा, असं उलटं गणित मांडता येत नाही.

मी विचारलं, पनीर आलं कधी? काल संध्याकाळी साडेसातला, पनवेलहून, टेम्पोने, बर्फाशिवाय. म्हणजे खात्यात पहिले दोन तास आधीच जमा होते. त्यावर रात्रीचे सहा तास दहा मिनिटं. ते नक्की कितव्या मिनिटाला ५ अंशांच्या वर गेलं हे कुणालाच सांगता येणार नव्हतं, आणि जी वेळ माहीत नसते ती आपल्या विरुद्ध धरायची असते. बावीस किलो पनीर टाकायचं ठरलं.

तेव्हा मामांनी तो प्रश्न विचारला, जो प्रत्येक स्वयंपाकघरात निघतोच. "पण ताई, आपण ते कच्चं थोडंच देणार? तळून रश्श्यात टाकणार. उकळी फुटल्यावर कुठला जंतू जगतो?"

या प्रश्नाचं उत्तर मी नेहमी जपानच्या गोष्टीने देते. ३१ मार्च २००० रोजी जपानच्या उत्तरेला, होक्काइदो बेटावरच्या ताइकी इथे, स्नो ब्रँड या मोठ्या दूध कंपनीच्या कारखान्यात वीज गेली. छपरावरून बर्फाचे सुळके कोसळले आणि विजेच्या खोलीत बिघाड झाला. वीज जेमतेम तीन तास नव्हती. पण त्या वेळी दूध मलई वेगळी करण्याच्या टप्प्यावर, कोमट अवस्थेत यंत्रात अडकलं होतं आणि पुढेही काही दूध गार न होता तासन्‌तास पडून राहिलं. त्यात स्टॅफिलोकॉकस ऑरियस नावाचा जंतू वाढला. हा जंतू काही दुर्मीळ नाही, आपल्या नाकात, कातडीवर, पिकलेल्या जखमेत असतो. वाढताना तो दुधात एक विष सोडतो.

वीज आली, काम पुढे सुरू झालं. दूध तापवलं गेलं, जंतू मेले, दुधाची पावडर झाली. तपासणीत काही पावडरमध्ये जंतूंची संख्या मर्यादेबाहेर निघाली. ती टाकायला हवी होती. त्याऐवजी ती पाण्यात विरघळवून पुन्हा नव्या पावडरीत वापरली, कारण पुन्हा तापवल्यावर जंतू मरतील असा हिशेब होता, म्हणजे मामांचाच हिशेब. जंतू मेलेही. ती पावडर ओसाकाच्या कारखान्यात गेली, तिथे कमी स्निग्धांशाच्या दुधात मिसळली, ते दूध १३० अंशांला काही सेकंद तापवलं गेलं. जूनच्या अखेरीला लोक उलट्या-जुलाबांनी दवाखान्यांत येऊ लागले. बाधितांचा आकडा १३,४२० वर गेला. दुधात जिवंत स्टॅफिलोकॉकस नव्हता. विष होतं, कारण ते उष्णतेने सहजी मोडत नाही. तीन महिन्यांपूर्वीच्या तीन तासांचं विष दोनदा तापवून, वाळवून, पुन्हा विरघळवूनही शाबूत राहिलं होतं.

मामा काही बोलले नाहीत. त्यांनी हातातला पनीरचा तुकडा ट्रेमध्ये परत ठेवला आणि ट्रे दाराकडे सरकवला. पुढे मीच सांगितलं की आपल्या पनीरमध्ये विष झालं असेलच असं नाही. १४ अंशांला हे जंतू ओट्यावरच्या तुलनेत फार हळू वाढतात आणि विष तयार व्हायला साधारण १० अंशांच्या वरचं तापमान लागतं. पण झालं की नाही हे स्वयंपाकघरात उभं राहून कळायला मार्ग नाही, आणि झालं असेल तर कढई ते काढू शकत नाही. दुपारी सहाशे माणसं जेवणार आहेत, त्यांत आजी-आजोबा, लहान मुलं, एखादी गरोदर बाई असणारच.

पनीरच्या मागे जमिनीवर त्या रात्रीचा खरा गुन्हेगार सापडला. उकडलेल्या बटाट्यांचं मोठं पातेलं, पंचवीस किलो, झाकण लावलेलं. रात्री साडेनऊला गरमच आत ठेवलं होतं, सकाळी सोलायला सोपं जावं म्हणून. सहा वाजता त्याच्या मध्यभागी सुई ३१ अंश दाखवत होती. साडेआठ तासांनीही! म्हणजे लाईट गेलीच नसती, तरी हे बटाटे टाकायचेच होते. शिजवलेलं अन्न गार करताना ते ६० वरून २१ अंशांपर्यंत दोन तासांत आणि तिथून ५ पर्यंत पुढच्या चार तासांत यायला हवं. पंचवीस किलोचा गोळा झाकण लावून तसा गार होणं शक्यच नाही. दोन-तीन इंचांच्या थरात, पसरट ट्रेमध्ये, आधी पंख्याखाली आणि मग आत, असं केलं तरच होतं. उकडल्याने जंतू मेले असं म्हणावं, तर काही जंतू बीजाणू करून राहतात, त्यांना उकळत्या पाण्याने काही होत नाही. गरमपणा उतरला की ते जागे होतात आणि कोमट बटाटा, कोमट भात ही त्यांची आवडीची जागा. भाताच्या बाबतीत तर त्यातल्या एकाचं विष फोडणीला अजिबात दाद देत नाही. म्हणून रात्रभर बाहेर राहिलेल्या भाताचा सकाळी फोडणीचा भात करण्याच्या मी विरुद्ध आहे, कितीही चवीचा लागला तरी.

या पातेल्याने आणखी एक नुकसान केलं होतं. कॉम्प्रेसर बंद असताना बंद खोलीत ती एक शेगडीच होती. शिवाय पोरांनी रात्री तीन वेळा दार उघडलं होतं, गार पाण्याच्या बाटल्यांसाठी. उकाड्यात, लाईट नसताना, दिवसभर राबलेल्या पोरांना दोष तरी कसा द्यायचा? पण दार उघडताच गार हवा जमिनीलगत बाहेर वाहते आणि वरून गरम, दमट हवा आत येते. लाईट गेल्या गेल्या दारावर खडूने 'उघडू नये' लिहून कुलूप लावलं असतं आणि पातेलं आत नसतं, तर हा १४ चा आकडा कदाचित ७-८ वर थांबला असता.

दुधाकडे आलो तेव्हा एकाच मालाचे दोन निकाल लागले. पिशव्यांचे सहा क्रेट होते. दोन दाराशी, वरच्या फळीवर. चार मागच्या भिंतीला, जमिनीवर, एकावर एक, ताडपत्रीखाली. बंद पिशवीचं तापमान घेताना ती फोडायची गरज नसते, दोन पिशव्यांच्या मध्ये सुई दाबून धरली की पुरतं. दाराशी १२ अंश. मागे, क्रेटच्या मधोमध, ४ ते ५. जमिनीलगत, एकमेकांना चिकटून, ताडपत्री पांघरून त्या पिशव्यांनी आपला गारवा राखला होता. मागचे चार क्रेट ठेवले, त्याच दिवशी उकळून संपवायचे असं लिहून. दाराशचे दोन गेले.

दह्यापाशी मी जरा थांबले. विरजलेलं दही आंबट असतं आणि त्या आंबटपणात रोगजंतूंना वाढायला कठीण जातं, म्हणून पनीरपेक्षा दही कमी धोक्याचं. तरी अमेरिकेत घरांसाठी जे अधिकृत तक्ते आहेत त्यांत दूध, मलई आणि दही एकाच ओळीत, टाकण्याच्या यादीत येतं. किती आंबट आहे हे मोजायचं साधन आमच्याकडे नव्हतं, आणि ज्या दह्यात काकडी किसून कोशिंबीर मुरवायला ठेवली होती ते तर साधं दही राहिलंच नव्हतं. दोन्ही टाकली. हा निर्णय सावधगिरीचा होता. बंद डब्यातलं साधं, आंबट दही कुणी मोजून ठेवलं तर मी वाद घालणार नाही.

मासळीने मात्र सगळ्यांचा अंदाज चुकवला. दादा म्हणाले, "मासे तर गेलेच असणार." मे महिना, रात्र, कोकण; कुणालाही तसंच वाटेल. पण सुरमई थर्मोकोलच्या पेट्यांत होती, खाली बर्फ, वर बर्फ, मध्ये मासा. झाकण उघडलं तर निम्माअधिक बर्फ शिल्लक. सुई पाठीच्या जाड भागात घातली: १ अंश. बर्फ वितळत असला, तरी जोवर तो माशाला चिकटून आहे तोवर मासा शून्याजवळच राहतो, खोलीत १४ असोत की २४. सुरमई ठेवली, पाणी काढून नवा बर्फ घातला.

त्याच खोलीत एका उघड्या ट्रेमध्ये आठ किलो बांगडा होता, साफ करून, हळद-मीठ लावून ठेवलेला, बर्फाशिवाय. १० अंश. तो एका क्षणात गेला. बांगडा, सुरमई, कुपा, तारली या माशांच्या मांसात हिस्टिडीन भरपूर असतं. मासा गरम झाला की काही जंतू त्याचं हिस्टॅमिन करतात. असा मासा खाल्ल्यावर तासाभरात तोंड लाल होतं, डोकं दुखतं, छाती धडधडते, अंगावर गांधी उठतात. लोक म्हणतात, मासा बाधला, अ‍ॅलर्जी आहे. पुष्कळदा तो न जपलेला मासा असतो. हे हिस्टॅमिन तळून जात नाही, गोठवूनही जात नाही. एकदा झालं की झालं. कोळणी बांगड्यावर बर्फ टाकण्याबाबत इतक्या काटेकोर का असतात, याचं कारण यात आहे.

चिकन मॅरिनेट केलेलं होतं, १२ अंशांवर, त्यावर फार बोलायची गरज पडली नाही. पण त्या टोपातलं दह्या-मसाल्याचं पाणी रात्री सुटून खालच्या फळीवर ठिबकलं होतं. खाली कोथिंबीर, पुदिना आणि लिंबाची टोपली. अख्खी कोथिंबीर सहा तास १४ अंशांला राहिली तर काही बिघडत नाही, भाजीवाल्याच्या हातगाडीवर ती दिवसभर याहून गरम असते. पण कच्च्या चिकनचं पाणी पडलेली कोथिंबीर वरून भुरभुरायची असते, शिजवायची नसते. टोपलीभर जुड्या गेल्या. तापमानाने नापास न झालेली एवढी एकच गोष्ट त्या दिवशी टाकावी लागली, आणि तीही कच्चं मांस वरच्या फळीवर ठेवल्यामुळे.

ठेवलेल्या मालाची यादी लांब होती, आणि ती सांगितल्यावरच दादांच्या चेहऱ्यावर जरा रंग आला. अख्खी फळं, अख्ख्या भाज्या, फ्लॉवरचे गड्डे, गाजरं, मिरच्या. लोणचं, तूप, बटर, चीजचे ठोकळे, टोमॅटो सॉस, चिंचेचा कोळ. ज्यात पाणी कमी, किंवा आंबटपणा, मीठ, साखर, तेल जास्त, किंवा ज्याची साल शाबूत, ते अशा रात्रीतून बहुधा निभावतं. साल निघाली, सुरी लागली, की तीच वस्तू दुसऱ्या रांगेत जाते: अख्खं कलिंगड राहिलं, कापलेली पपई गेली. नारळाची वाटलेली चटणी गेली. तेलात घालून ठेवलेली सोललेली लसूणही गेली, आणि तिच्याबद्दल लोकांना सगळ्यांत जास्त आश्चर्य वाटतं. तेलाखाली हवा पोहोचत नाही, लसूण मातीतून आलेली असते, आणि मातीतल्या ज्या जंतूला हवा नकोच असते त्याचं विष फार भयंकर आहे. अशी लसूण थंडच राहायला हवी.

डीप फ्रीजरचं काम पाच मिनिटांत झालं. पेटीचा फ्रीजर, गच्च भरलेला, रात्री कुणी उघडला नव्हता. पूर्ण भरलेला फ्रीजर न उघडता सुमारे ४८ तास आणि अर्धा भरलेला सुमारे २४ तास गोठण राखतो. मटारच्या पिशव्या खडखडीत होत्या, कोळंबी दगडासारखी. पिशवीत अजून बर्फाचे कण लागत असतील किंवा माल फ्रिजइतका गार असेल, तर परत गोठवता येतो. चव थोडी उतरते, धोका नाही. याला अपवाद आइस्क्रीमचा. ते वितळलं की परत गोठवायचं नाही. कोपऱ्यात मीच ठेवायला लावलेला एक पेला होता: पाणी गोठवून त्यावर एक रुपयाचं नाणं. फ्रीजर आपल्या मागे वितळून परत गोठला, तर नाणं तळाशी सापडतं. ते वरच होतं.

सात वाजता टाकायचा माल अंगणात आला आणि अवघड भाग सुरू झाला. भांडी घासणाऱ्या मावशी पदराने हात पुसत आल्या आणि हळूच म्हणाल्या, "ताई, एवढं पनीर फेकताय? आमच्या वाडीत पोरं खातील हो. आम्हाला काही होत नाही." मला हा क्षण प्रत्येक वेळी जड जातो. अन्न टाकणं आपल्याकडे पाप मानतात आणि ते मानणं मला चुकीचं वाटत नाही. पण जे पाहुण्यांना वाढण्याजोगं नाही ते मावशींच्या पोरांना देण्याजोगं कसं होतं? आजारी पडल्यावर पाहुण्याकडे दवाखान्याचे पैसे असतात. त्या पोरांच्या अंगातलं पाणी दुपारपर्यंत गेलं, तर मावशींची त्या दिवसाची मजुरी बुडते आणि धावपळ वेगळी. गाईंना घालू, कुत्र्यांना घालू, हेही तेवढंच अयोग्य. मी मावशींना ठेवलेल्या क्रेटमधल्या दुधाच्या दोन पिशव्या आणि एक कलिंगड द्यायला लावलं. मग खड्ड्यात पनीर, बटाटे, चिकन, बांगडा टाकून, हाताने कुस्करून, वर फिनेल ओतलं आणि माती ओढली. फिनेल यासाठी, की दुपारी कुणाच्या मनात परत मोह येऊ नये. पिशव्या तशाच कचराकुंडीत ठेवल्या, तर त्या तासाभरात कुणाच्या तरी घरी पोहोचतात, हे मी पाहिलंय.

रजिस्टरमध्ये प्रत्येक वस्तू लिहिली: वजन, मोजलेलं तापमान, ठेवलं की टाकलं, कुणी ठरवलं. विमा असेल तर हे लागतंच, नसेल तरी अन्न व औषध प्रशासनाच्या माणसाला दाखवता येतं. माझ्या लेखी त्याचा खरा उपयोग वेगळा आहे. लिहिताना प्रत्येक डब्यापुढे एक आकडा टाकावा लागतो, आणि जिथे आकडा नाही तिथे 'असेल बरं' असं लिहिता येत नाही.

पुढच्या आठवड्यात त्यांनी फेज गेला की कर्कश वाजणारा हूटर बसवला, वॉचमनकाकांच्या खुर्चीच्या मागेच. जनरेटरवाल्याशी कोल्ड रूमचा कॉम्प्रेसर पेलेल एवढ्या क्षमतेचं बोलणं सुरू झालं. कच्चं मांस खालच्या फळीवर आलं. गार पाण्याच्या बाटल्यांसाठी पोरांना बाहेर वेगळी बर्फाची पेटी मिळाली.

पण त्या सकाळी प्रश्न होता दुसऱ्या दिवशीच्या पंगतीचा. वधूपित्याला फोन करून सांगायचं होतं की पनीरची भाजी होणार नाही. दादांनी फोन हातात धरून दोन मिनिटं घालवली. तेवढ्यात मामा आत जाऊन फ्लॉवरचे दोन गड्डे आणि मटारची एक गोठलेली पिशवी घेऊन आले, ओट्यावर ठेवले आणि म्हणाले, "फ्लॉवर-मटारचा रस्सा करतो. ओल्या नारळाचं वाटण घालतो. त्यांना सांगा, मामांनी मेनू बदललाय." फोन लागला तेव्हा पलीकडच्या काकांनी पहिलं काय विचारलं असेल, तर ते हेच: रश्शाबरोबर घावन देता येतील का.